जुनी ॲसिडिटी: पहिली भेट वैद्यांची की फिजिशियनची?

छातीत जळजळणे, घशाशी आंबट येणे, करपट ढेकर, जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात आग किंवा जडपणा हा त्रास आठवड्यातून दोनतीनदा होत असेल आणि दोन-तीन महिने टिकला असेल, तर त्याला जुनी ॲसिडिटी म्हणायला हरकत नाही. असा त्रास असलेला प्रौढ माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. तिथून मिळालेल्या गोळीने भागेनासे झाले की घरात दोन मते पडतात: एक वैद्यांकडे जा म्हणणारे, दुसरे डॉक्टरांकडे. पहिली भेट कोणाची घ्यावी, हे शास्त्रावरच्या श्रद्धेने ठरवू नये, ते आपल्या लक्षणांवरून, वयावरून आणि चालू औषधांवरून ठरवावे, असे माझे मत आहे. ते कसे ठरवायचे आणि ठरल्यावर त्या भेटीतून काय पदरात पडायला हवे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: थांबायचेच नाही, अशी लक्षणे वगळणे

काही लक्षणे असतील तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. छातीच्या मध्यभागी किंवा बेंबीच्या वर दाब आल्यासारखे वाटणे, त्याबरोबर घाम, धाप, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, किंवा जिना चढताना येऊन बसल्यावर थांबणारी जळजळ ही ॲसिडिटी नसून हृदयाची तक्रार असू शकते. हृदयाच्या खालच्या भागातला झटका कित्येकदा केवळ पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्याने आणि उलटीने सुरू होतो. मधुमेही, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात तर छातीत दुखतेच असे नाही. अशा वेळी सोडा किंवा ईनो घेऊन ढेकर येण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणून दुखणे पोटाचेच होते असे सिद्ध होत नाही. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटे लागतात. या प्रसंगी वैद्य की डॉक्टर हा प्रश्नच उरत नाही.

रक्ताची उलटी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शौचास होणे, हीदेखील त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. इथे एक गोंधळ नेहमी होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, आणि धात्री लोह किंवा मंडूर भस्म असलेल्या आयुर्वेदिक औषधांनीही तो काळपट होऊ शकतो. लोहामुळे झालेली शौच बहुधा बांधलेली, हिरवट झाक असलेली काळी असते आणि तिला नेहमीचाच वास येतो. रक्तस्रावाची शौच पातळ, चकचकीत, भांड्याला चिकटणारी आणि असह्य वासाची असते. फरक कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नये, तपासून घ्यावे.

दुसरी पायरी: आठवडाभराची नोंद

डॉक्टर असोत वा वैद्य, पहिल्या भेटीची निम्मी किंमत आपण सांगितलेल्या हकिगतीत असते. आपल्याकडे ‘पित्ताचा त्रास आहे’ या एका वाक्यात चार वेगळे आजार दडलेले असतात: छातीतली जळजळ, पोटाच्या वरच्या भागातले दुखणे, उलटी झाल्यावरच उतरणारी अर्धशिशी, आणि अंगावर उठणाऱ्या गांधी. म्हणून ‘पित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’ न सांगता नेमके काय होते ते सांगावे.

सात दिवस एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: त्रास कधी होतो (उपाशीपोटी, जेवल्यावर लगेच, आडवे झाल्यावर, की मध्यरात्री झोपमोड करून), तो नेमका कुठे होतो, काय खाल्ल्याने वाढतो, काय घेतल्याने कमी होतो, आणि रात्रीचे जेवण व झोप यांत किती वेळ जातो. चहा दिवसाला किती कप आणि त्यातला उपाशीपोटी किती, तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू, यांचीही खरी नोंद असावी. मिश्री लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात आणि ते उत्तर त्यांच्या दृष्टीने खरेच असते, म्हणून तिचा उल्लेख आवर्जून करावा.

या नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे चालू औषधांची यादी. गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा डोकेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके आणि रक्त पातळ राहण्यासाठी दिलेली ॲस्पिरिन यांनी जठराच्या आतल्या अस्तराला जखम होऊ शकते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा पुटकुळ्यांसाठीची डॉक्सिसायक्लिन कमी पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिका भाजल्यासारखी होते. रक्तदाबाची ॲम्लोडिपिनसारखी काही औषधे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करून घशाशी येणे वाढवतात. मात्र यांपैकी हृदयाचे किंवा रक्तदाबाचे कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. ‘ती पांढरी लहान गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही ओळखता येत नाही.

तिसरी पायरी: पहिली भेट कोणाची हे ठरवणे

आता मुख्य प्रश्न. पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर पहिली भेट एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन झालेल्या फिजिशियनची घ्यावी: गिळताना घास अडकणे किंवा दुखणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, भूक मंदावून थोडक्या घासांत पोट भरणे, वारंवार उलट्या, थकवा किंवा निस्तेजपणासह रक्त कमी असल्याची शंका, आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला अन्ननलिकेचा किंवा जठराचा कर्करोग झालेला असणे, आणि नियमित वेदनाशामक, ॲस्पिरिन, स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असणे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार आणि गरोदरपण यांतही पहिली भेट त्यांचीच असावी.

वयाचाही विचार करावा लागतो. आयुष्यात पूर्वी कधीही त्रास नसताना उतारवयात नव्याने सुरू झालेली ॲसिडिटी ही वीस वर्षे तशीच चालत आलेल्या ॲसिडिटीपेक्षा अधिक संशयाने पाहावी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसाला असा त्रास असल्यास एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका व जठर आतून पाहण्याची तपासणी, सुचवलेली आहे. आपल्याकडे अनेक डॉक्टर यापेक्षा बरेच आधी, पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपासच तिचा विचार करतात. त्यामुळे पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेल्या त्रासासाठी आधी फिजिशियन गाठावेत, असे मी म्हणेन.

उरतो तो गट लहान नाही. वय पंचेचाळिशीच्या आत, वजन स्थिर, भूक चांगली, वर सांगितलेले एकही लक्षण नाही, दुसरे कोणतेही औषध चालू नाही, आणि त्रासाचा संबंध जागरण, अवेळी जेवण, तिखट-तेलकट खाणे यांच्याशी उघड दिसतो, अशा माणसाने पहिली भेट चांगल्या वैद्यांची घेतली तर त्यात गैर काही नाही. अशा बहुतेकांची एंडोस्कोपी केली तरी ती स्वच्छ निघण्याचीच शक्यता अधिक असते, आणि आहार, जेवणाच्या वेळा व झोप यांबद्दल एक वैद्य जितक्या बारकाईने विचारतात तितका वेळ गर्दीच्या दवाखान्यात क्वचितच मिळतो. फक्त या मार्गाला मुदत हवी. सहा आठवड्यांत ठळक फरक पडला नाही, किंवा औषध थांबवल्याबरोबर त्रास पूर्ववत झाला, तर पुढची भेट फिजिशियनची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

हा क्रम सुचवण्यामागे एक स्पष्ट कारण आहे. ॲसिडिटीचे औषध लागू पडले म्हणजे निदान बरोबर होते असे होत नाही. जठरातील व्रण आणि सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाची लक्षणेही आम्ल कमी केल्यावर काही आठवडे शमू शकतात. प्रवाळ, शंख, मौक्तिक यांच्या भस्मांनी आराम पडतो, तसाच पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीनेही पडतो, आणि खरा आजार झाकण्याचा दोष दोघांकडेही सारखाच आहे. त्यामुळे काहीही न विचारता, पोटाला हात न लावता दोन मिनिटांत गोळी लिहून देणारे फिजिशियन हे नीट चौकशी करणाऱ्या वैद्यांपेक्षा अधिक सुरक्षित नाहीत. फिजिशियनकडे आधी जायचे ते त्यांच्या गोळीसाठी नव्हे. रक्ततपासणी, ईसीजी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एंडोस्कोपी यांतून धोकादायक कारणे वगळण्याची सोय त्यांच्या हाताशी असते, हे त्यामागचे कारण आहे.

चौथी पायरी: फलकावरची पदवी वाचणे

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास गुंता आहे. इथे बीएएमएस झालेले अनेक डॉक्टर दवाखान्यात मुख्यतः आधुनिक औषधेच देतात. त्यामुळे आपण आयुर्वेदिक उपचारासाठी गेलो असे समजणारा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या हातात पॅन्टोप्राझोलचीच पट्टी असते, आणि ज्याला तो घरचा डॉक्टर म्हणतो ते पदवीने आयुर्वेदाचे असतात. यात फसवणूक असतेच असे नाही, पण आपण कोणाचे मत घेतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

आयुर्वेदाच्या पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर एमबीबीएस डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. औषधचिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘एमडी’ या दोन अक्षरांवर थांबू नये, पुढचा कंस वाचावा: एमडी (कायचिकित्सा) हे आयुर्वेदातील पदव्युत्तर शिक्षण आहे, तर एमडी (मेडिसिन) हे आधुनिक वैद्यकातील. भेटीची वेळ घेतानाच फोनवर ‘आपण शुद्ध आयुर्वेदिक चिकित्सा करता का’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये. खात्रीचे ठिकाण सापडत नसेल, तर आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग हा चांगला पर्याय आहे, उदाहरणार्थ मुंबईत वरळीचे पोदार रुग्णालय किंवा पुण्यातील ताराचंद रुग्णालय. कोणत्याही पदवीशिवाय ‘नाडी पाहून’ पुड्या देणाऱ्यांचा विचार या लेखात केलेलाच नाही.

पाचवी पायरी: फिजिशियनच्या पहिल्या भेटीत काय व्हायला हवे

चांगल्या पहिल्या भेटीत डॉक्टर वजन घेतात, डोळ्याच्या खालच्या पापणीचा फिकेपणा पाहतात, रक्तदाब मोजतात आणि पोट हाताने दाबून तपासतात. गाठ लागते का, यकृत वाढले आहे का, उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखते का, हे त्यातून कळते. त्यानंतर बहुधा रक्तगणना, रक्तशर्करा आणि यकृताच्या तपासण्या होतात. दुखणे उजवीकडे असेल किंवा तेलकट जेवणानंतर तासाभराने कळ येत असेल, तर पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी करतात. चाळिशीच्या पुढे ईसीजी एकदा काढून घेणे शहाणपणाचे असते.

धोक्याची लक्षणे नसतील, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूची तपासणी उपयोगी ठरते. ती श्वासातून किंवा शौचाच्या नमुन्यातून करता येते. मात्र पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांसारखी गोळी चालू असताना ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून तपासणीपूर्वी अशा गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. त्यामुळे तपासणी करायचीच असेल, तर ती नवे औषध सुरू करण्यापूर्वी उरकणे सोपे जाते. हे आपणहून विचारावे, कारण घाईत ते राहून जाते.

गोळी दिली गेली तर ती कशी घ्यायची, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा ओमेप्राझोल २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा, सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जठरातील आम्ल तयार करणारे पंप जेवणाने चालू होतात आणि चालू असलेल्या पंपांवरच हे औषध काम करते. त्यामुळे जेवणानंतर, किंवा जळजळ झाली की तेवढ्यापुरती घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, आणि माणूस ‘मला हे औषध चालत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. नेहमीचा क्रम चार ते आठ आठवड्यांचा असतो. डॉम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल मात्र महिनोन्‌महिने घेण्याची नाही. या घटकाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपीय औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारणतः एका आठवड्यापुरता मर्यादित केला. औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे तीच कॅप्सूल आणणाऱ्यांनी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

सहावी पायरी: वैद्यांच्या भेटीत काय व्हायला हवे

आयुर्वेदात या लक्षणसमूहाला अम्लपित्त म्हणतात. माधवनिदानात त्याची लक्षणे दिली आहेत: अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड वाटणे, छातीत व घशात दाह आणि अरुची. ऊर्ध्वग आणि अधोग असे त्याचे दोन प्रकार मानले आहेत. चांगले वैद्य त्रास वरच्या बाजूला आहे की खालच्या, भूक कशी लागते, शौचास कशी होते, तहान, झोप, कामाच्या वेळा हे सगळे विचारतात, जीभ पाहतात, पोट तपासतात, आणि पूर्वीचे रिपोर्ट स्वतःहून मागतात. रिपोर्ट पाहण्याची गरज नाही म्हणणाऱ्या, किंवा चालू असलेल्या सगळ्या ‘इंग्रजी’ गोळ्या आजपासून बंद करा असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्या वैद्यांकडे पुन्हा जाऊ नये.

औषधांपैकी अविपत्तिकर चूर्ण बहुधा प्रथम दिले जाते. त्यात सर्वांत मोठा वाटा साखरेचा आणि त्याखालोखाल निशोत्तराचा असतो. निशोत्तर रेचक आहे, त्यामुळे शौचास पातळ होणे हा औषधाचाच परिणाम असतो. मधुमेह्यांनी साखरेबद्दल आणि गरोदर स्त्रियांनी रेचकाबद्दल आधी बोलावे. ज्येष्ठमध जठराला शामक मानतात, पण ते अनेक आठवडे मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते आणि रक्तातले पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाचा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

सूतशेखर रसाकडे अधिक काळजीने पाहावे लागते. यात शुद्ध केलेला पारा, गंधक, वत्सनाभ आणि धोत्र्याचे बी हे घटक येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील अनुसूची ई(१) मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे, आणि त्यातले द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक असते. तरीही घरातल्या दुसऱ्याला लागू पडले म्हणून हे औषध सर्रास आणले जाते. वैद्यांनी ते दिले असेल तर किती दिवस घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे, परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख छापलेली बंद बाटलीच घ्यावी, आणि नाव न सांगता दिलेल्या पुड्या नम्रपणे नाकाराव्यात. पुढे काही बिघडले, तर काय घेतले होते हे सांगता आले पाहिजे.

आहाराबाबत वैद्यांचा सल्ला जितका नेमका तितका चांगला. ‘पथ्य पाळा’ यापेक्षा ‘आंबवलेले पदार्थ, लोणचे, आंबट ताक आणि उपाशीपोटीचा चहा सहा आठवडे बंद, रात्रीचे जेवण साडेसातला’ असा सल्ला पाळता येतो आणि त्याचा परिणाम तपासताही येतो. घशाशी येण्याचा त्रास मुख्य असेल, तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाच्या डोक्याकडचे पाय सहा ते आठ इंच उचलणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, हे उपाय कोणत्याही शास्त्राच्या औषधाबरोबर चालतात. नुसत्या उशा वाढवून हे साधत नाही, त्याने पोट दुमडते आणि दाब वाढतो.

एक उदाहरण, तपशिलासह

हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते, यासाठी एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. सोलापूरच्या एका शाळेतील ४८ वर्षांच्या शिक्षिका. सात महिन्यांपासून बेंबीच्या वर उपाशीपोटी दुखते, खाल्ल्यावर जडपणा येतो. वर्गात दिवसभर उभे राहून गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून तीन-चारदा डायक्लोफेनॅक. नात्यातल्या एका काकूंच्या सांगण्यावरून अविपत्तिकर चूर्ण आणि सूतशेखर दुकानातून आणले. महिनाभर बरे वाटले, मग पुन्हा दुखू लागले. सुट्टीत त्या एका वैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी वजन विचारले, तर चार किलो उतरलेले. पापणी पाहिली, तर फिकी. त्यांनी औषध न देता चिठ्ठीवर फिजिशियनचे नाव लिहिले. वैद्यांची पहिली भेट इथे वाया गेली नाही, कारण त्यांनी नेमके विचारले.

फिजिशियनकडे हिमोग्लोबिन ८.९ निघाले. प्रौढ स्त्रीत ते १२ च्या खाली असल्यास रक्त कमी समजतात. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर महिनाभर गोळी देऊन पाहण्याचा प्रश्न नव्हता, एंडोस्कोपी ठरली. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत काही न खाता त्या गेल्या, घशात बधिर करणारा फवारा मारला आणि दहा मिनिटांच्या आत तपासणी संपली. जठरात व्रण दिसला. जठरातला व्रण वरवर साधा दिसला तरी कर्करोगाचा असू शकतो, म्हणून त्याच्या कडांचे तुकडे तपासणीला पाठवले. अहवालात कर्करोग नव्हता, पण हेलिकोबॅक्टर पायलोरी होता.

उपचार दोन टप्प्यांत झाला. आधी चौदा दिवस प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, ठरल्या वेळी, एकही मात्रा न चुकवता. ती अर्धवट सोडल्यास जंतू उरतो आणि पुढच्या खेपेला तेच प्रतिजैविक लागू पडत नाही. त्यानंतर व्रण भरून येईपर्यंत, एकूण आठ आठवडे, गोळी. डायक्लोफेनॅक पूर्ण बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. रक्तासाठी लोह. आठ आठवड्यांनंतर व्रण भरला आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा एंडोस्कोपी, आणि गोळी दोन आठवडे बंद ठेवल्यावर जंतू गेला का याची श्वासाची तपासणी. दोन्ही समाधानकारक आल्यावर त्या पुन्हा त्याच वैद्यांकडे गेल्या, आणि उरलेल्या जडपणासाठी व शाळेच्या वेळापत्रकात बसेल अशा जेवणासाठी त्यांच्याकडे उपचार सुरू केले. या वेळी वैद्यांच्या हातात निदान होते आणि औषध निवडताना व्रण वगळलेला होता.

याच बाईंचे वय २९ असते, वजन स्थिर असते, वेदनाशामक नसते, तर वैद्यांनी सहा आठवडे उपचार करून पाहणे योग्यच ठरले असते.

सातवी पायरी: दोन्ही उपचार एकत्र चालवताना आणि गोळी थांबवताना

दोघांकडेही जायचे असेल, तर दोघांनाही ते सांगावे. लपवण्याने नुकसान आपलेच होते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती गोळी आणि शंख, प्रवाळ यांसारखी कॅल्शियमयुक्त भस्मे किंवा ॲन्टासिड यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. दोन्ही उपचार एकाच दिवशी सुरू करू नयेत. बरे वाटले तर कशाने आणि पुरळ आले तर कशाने, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

वर्षानुवर्षे चालू असलेली पॅन्टोप्राझोलची गोळी एकदम सोडल्यास आम्ल काही काळ पूर्वीपेक्षा जास्त तयार होते आणि जळजळ उसळते. अनेक जण इथेच फसतात: वैद्यांनी किंवा स्वतःच गोळी थांबवली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग पेटली, आणि ‘आयुर्वेद लागू पडला नाही’ किंवा ‘मला ही गोळी जन्मभर लागणार’ असा निर्णय होतो. खरे तर ही उसळी काही आठवड्यांत ओसरते. फिजिशियनच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करणे, मग एक दिवसाआड घेणे आणि अधल्यामधल्या जळजळीसाठी तात्पुरते ॲन्टासिड वापरणे हा मार्ग बहुतेकांना झेपतो. मात्र अन्ननलिकेला गंभीर जखम झालेली असेल, किंवा ॲस्पिरिनसारखे औषध चालूच ठेवावे लागत असेल, तर ही गोळी संरक्षणासाठी दिलेली असते आणि ती कोणीही, वैद्यांनीही, परस्पर बंद करू नये. ज्यांना ती दीर्घकाळ लागणारच आहे, त्यांनी जीवनसत्त्व बी १२ आणि मॅग्नेशियमची तपासणी वर्षातून एकदा करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. शाकाहारी माणसाच्या बाबतीत बी १२ ची बाजू आधीच कच्ची असते.

उपचार कोणाचाही असो, महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून कागदावर लिहावे. त्रास कमी होत असताना वजन मात्र उतरत असेल, तर औषधाने आलेला आराम बाजूला ठेवून एंडोस्कोपीची तारीख घ्यावी.